वेरूळच्या वाटेवर पहाटेची आंघोळ: चार भाषा येणाऱ्या एका सुनेचा व्यवसाय कसा उभा राहिला

मी बचत गटांच्या हिशेबवह्या तपासण्याचं काम करते. त्यातूनच हे प्रकरण माझ्यासमोर घडत गेलं. यातल्या बाईचं नाव बदललं आहे आणि गावाचं नाव दिलेलं नाही. बाकी आकडे तिच्याच वहीतले आहेत आणि तिला विचारूनच इथे मांडते आहे.

पार्श्वभूमी

तिला रेणुका म्हणू. तिचं माहेर निजामाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. घरात मराठी आणि शाळा दहावीपर्यंत तेलुगू माध्यमाची, त्यामुळे ती तेलुगू नुसती बोलत नाही तर लिहिते आणि वाचतेही. गल्लीतली हिंदी-उर्दू लहानपणीच तोंडात बसली. आजोळ बिदरकडचं असल्याने कन्नड समजतं, मोडकंतोडकं बोलताही येतं. लग्न होऊन ती वेरूळपासून तीन-चार किलोमीटरवरच्या गावात आली. नवऱ्याची पिवळ्या पाटीची बारा सीटची क्रूझर आहे. तो बसस्टँड आणि स्टेशनच्या सवाऱ्या करतो. दोन एकर कोरडवाहू वावर आहे, घरी सासू आणि दोन मुलं.

आठ वर्षं तिच्या तेलुगूचा सासरी कुणाला काही उपयोग नव्हता. माहेरी फोन करताना ती बोलायची, तेवढंच.

२०२२ च्या कार्तिकात ती घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेली होती. मंदिराबाहेरच्या एका हॉटेलात एक म्हातारी बाई काउंटरवरच्या पोऱ्याला पुन्हा पुन्हा सांगत होती, "वेडि नीळ्ळु, वेडि नीळ्ळु." पोऱ्याला वाटलं ती कुणाला तरी वेडी म्हणते आहे. तो चिडला, ती रडकुंडीला आली. रेणुका मध्ये पडली. म्हातारीला गरम पाणी हवं होतं, गोळी घ्यायची होती. तिच्यासोबत अकरा माणसं होती, सगळी करीमनगरकडची. पुढचे तीन तास रेणुका त्यांच्याबरोबर फिरली. निघताना त्यांनी तिच्या हातात पाचशे रुपये ठेवले आणि फोन नंबर मागून घेतला.

घरी येऊन तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "अहो, माझ्या बोलण्याचे पैसे मिळाले."

प्रश्न काय होता

वेरूळला दक्षिणेतली माणसं येतात हे सगळ्यांना माहीत आहे. घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. शिर्डीला येणारे तेलुगू भाविक त्याच फेरीत इथे येतात, जोडीला लेणी बघतात. हैदराबादकडून येणारी अजंता एक्स्प्रेस रात्रभर धावून पहाटे संभाजीनगरला पोचते. त्यामुळे या लोकांचा दिवस स्टेशनवर अंधारातच सुरू होतो.

म्हणजे गिऱ्हाईक होतं, भाषा होती, दारात गाडीही होती. तरी पुढचे चार महिने रेणुकाला कळत नव्हतं की विकायचं काय. भाषा येते म्हणून कुणी पैसे देत नाही. त्या भाषेमुळे समोरच्याचं कुठलं तरी अडलेलं काम होतं, त्याचे पैसे मिळतात. हे अडलेलं काम शोधायला तिला वेळ लागला. त्यातला बराचसा वेळ वाया गेला असं मी तेव्हा म्हणत होते, आता म्हणत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यांनीच सुचवला: गाईड हो. तिलाही तो आवडला, कारण कैलास लेण्याची गोष्ट ती फार छान सांगते. पण लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, आणि संरक्षित स्मारकांसाठीच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे परवान्याशिवाय पैसे घेऊन तिथे कुणाला फिरवता येत नाही. तिथे माल विकणं किंवा गिऱ्हाईक ओढणं हेही त्याच नियमात येतं. तिला हे माहीत नव्हतं. जानेवारीत ती एका गटाला घेऊन सोळाव्या लेण्यात उभी राहून सांगत होती, तेव्हा तिथल्या माणसाने तिला बाजूला बोलावून परवाना मागितला. तो नीट बोलला, पण तिला सगळ्यांसमोर थांबावं लागलं आणि गट अर्ध्यात राहिला. त्या गटाकडून तिने पैसे घेतले नाहीत.

दुसरा पर्याय खोल्यांचा. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात घरातल्या खोल्या नोंदवून पाहुणे ठेवता येतात. पण तिच्या घरात जास्तीची खोली एकच होती, आणि आणखी बांधायच्या तर चार-पाच लाखांचं काम. शिवाय तेलुगू गट वेरूळला मुक्काम करत नाहीत. संध्याकाळी त्यांना शिर्डी गाठायची असते.

तिसरा, तेलुगू जेवणाची खानावळ. मंदिराच्या रस्त्यावर गाळा भाड्याने घ्यायचा. याला मी स्वतः विरोध केला. गाळ्याचं भाडं बाराही महिने चालू राहतं आणि गिऱ्हाईक मात्र ठरावीक आठवड्यांतच येतं. रोज सकाळी सांबार करून ठेवायचं आणि दुपारी ओतून द्यायचं, असं मी दोन बचत गटांच्या वहीत पाहिलेलं आहे.

चौथा पर्याय कमिशनचा. साड्या आणि हिमरू शालींच्या दुकानांत गट नेऊन सोडायचा आणि विक्रीवर टक्का घ्यायचा. या रस्त्यावरचे बरेच ड्रायव्हर हेच करतात, तिच्या नवऱ्यालाही ते ठाऊक होतं. भांडवल शून्य आणि पैसा त्याच दिवशी हातात. हा पर्याय तिने नाकारला नाही, बाजूला ठेवला. पुढे त्याने नुकसान केलं, ते पुढे येईल.

निर्णय कसा झाला

फेब्रुवारीत मी तिला म्हटलं, "आता दहा गटांना काही विकू नकोस, फक्त विचार." प्रश्न दोनच ठरवले. इथे येईपर्यंत सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? आणि कशाचे पैसे देताना जिवावर आलं?

नवरा स्टेशनवरून तेलुगू सवारी भरायचा, ती पुढच्या सीटवर बसायची. तीस किलोमीटर, साधारण तासाभराचा रस्ता. दौलताबादला किल्ल्याच्या दरवाजात गाड्या अडकल्या की आणखी वीस मिनिटं. आपल्या भाषेतली बाई भेटली म्हटल्यावर माणसं मोकळी बोलायची. ती घरी येऊन वहीत लिहून ठेवायची, तेही तेलुगूत. मला ती वाचून दाखवायला लागायची.

दहापैकी आठ गटांनी एकच गोष्ट सांगितली, आणि ती आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हती. आंघोळ.

रात्रभर रेल्वेत काढल्यावर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय ही मंडळी शंकराच्या गाभाऱ्याकडे पाऊल टाकत नाहीत. घृष्णेश्वराला पुरुषांनी वरचे कपडे काढूनच गाभाऱ्यात जायचं असतं, बायकांना कोरी किंवा धुतलेली साडी नेसायची असते. त्यासाठी जागा लागते. मग दोन तासांसाठी लॉजच्या खोल्या घ्याव्या लागतात, आणि भाडं पूर्ण दिवसाचं द्यावं लागतं. बारा माणसांना तीन खोल्या, म्हणजे तीन हजारांच्या वर. एवढं करून गरम पाणी पहिल्या चौघांनाच मिळतं. सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. पैसे द्यायला जिवावर येत होतं ते याच खोल्यांचे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्या ओसरीवर बसून निर्णय घेतला. मुक्काम द्यायचा नाही, दुकान थाटायचं नाही. आधी ठरवून येणाऱ्या गटालाच सकाळची सोय द्यायची: आंघोळीला गरम पाणी, कपडे बदलायला आणि सामान ठेवायला जागा, नाश्ता, दर्शनाची माहिती, आणि दुपारी भात-सांबाराचं जेवण. गाडी नवऱ्याची, पण तिचा हिशेब वेगळा ठेवायचा. या शेवटच्या मुद्द्यावर मी अडून बसले होते. गाडीचे आणि घरचे पैसे एकत्र झाले असते तर घरच्या कामातून काही उरतं का, हे कधीच कळलं नसतं.

काय काय केलं

घरामागे दोन न्हाणीघरं, दोन संडास आणि पत्र्याची एक लांब खोली बांधली. खर्च १ लाख १० हजार. त्यातले ८० हजार बचत गटाचं कर्ज, बाकीचे तिच्या पाटल्या मोडून. ग्रामपंचायतीचं ना-हरकत घेतलं. जेवण विकायचं म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी केली. छोट्या व्यावसायिकांसाठी ती तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत होत होती आणि अर्ज ऑनलाइन भरता येत होता. पाणी तापवायला गीझर घ्यायचा विचार होता, पण पहाटे वीज असेलच याची खात्री नाही. म्हणून सासूचा जुना तांब्याचा बंब काढला आणि बाजारातून दुसरा आणला. दोन बंबांवर दीड तासात बारा माणसांच्या आंघोळी होतात. पहिल्या बंबाला सासू पहाटे साडेचारला तुराट्या लावते.

एक गोष्ट रेणुकाने स्वतःच्या डोक्याने केली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तिच्या भाषेचा सर्वात चांगला उपयोग तिथेच झाला. अभिषेकाला बसल्यावर गुरुजी संकल्पासाठी नाव, गोत्र, नक्षत्र विचारतात. तेलुगू माणसं हे फार नेमकेपणाने सांगतात, घरातल्या प्रत्येकाचं नाव यायला हवं असा त्यांचा आग्रह असतो. पण गर्दीत, मागे रांग ताटकळत असताना, आठ लांबलचक नावं आणि त्यांची नक्षत्रं ऐकून बरोबर म्हणणं कुणालाही जड जातं. नाव चुकलं की भाविकाच्या मनात ते राहतं. रेणुका आदल्या दिवशीच फोनवर आवाजी निरोप मागवते. त्यावरून जाड कागदाच्या पट्टीवर देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहिते: एका ओळीत एक माणूस, पुढे गोत्र, मग नक्षत्र. लांब नावं मध्ये रेघ मारून तोडते, म्हणजे एका श्वासात म्हणता येतात. ती पट्टी गटातला कर्ता माणूस गुरुजींपुढे धरतो. पहिल्या वेळी गुरुजींनी पट्टी हातात घेऊन विचारलं, "कुणी लिहिलं हो हे?"

याचे ती पैसे घेत नाही आणि दक्षिणेतही तिचा वाटा नाही. दक्षिणा गट आणि गुरुजी आपापसात ठरवतात. हा निर्णय तिने पहिल्याच दिवशी घेतला. मला तो सुचला नसता. पूजेच्या व्यवहारात तिसरा माणूस शिरला असता, तर मंदिराच्या रस्त्यावर तिला कुणी उभं केलं नसतं.

लेण्यांचा प्रश्न तिने असा सोडवला. आत परवानाधारक गाईड हिंदीत सांगतो, त्याचे पैसे गट थेट त्याला देतो. आत जाण्याआधी, नाश्ता चालू असताना, ती घरीच तेलुगूत गोष्ट सांगते: चौतीस लेणी, त्यांत क्रमांकाने आधी बौद्ध, मग हिंदू, मग जैन, आणि कैलास वरून खाली कसं खोदत आणलं. फोटोंचा एक अल्बम केला आहे. आत गेल्यावर हिंदी अर्धंच कळलं तरी त्यांना आपण काय बघतो आहोत ते कळतं. पर्यटन मंत्रालयाच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला तिने नाव नोंदवलं आहे. पण परवानगीचं पुरातत्त्व कार्यालयात लेखी विचारल्याशिवाय ती आता लेण्यात तोंड उघडत नाही.

दर असे ठरले: आंघोळ आणि सामानाची जागा माणशी ६०, नाश्ता ५०, जेवण १४०, आणि दिवसभराच्या आखणीचे गटामागे १,०००. गट आला तो माहेरच्या ओळखीतून. दरवर्षी यात्रा काढणारे एक गृहस्थ तिच्या वडिलांच्या बैठकीतले होते. त्यांनी एप्रिलमध्ये पहिला गट पाठवला.

जिथे चुकलं

पहिल्याच गटाला भात कमी पडला. सासूने आपल्या घरच्या अंदाजाने बारा माणसांना किलोभर तांदूळ मोजला. आपल्याकडे भाकरी किंवा पोळी आधी होते, भात शेवटी येतो. या मंडळींच्या ताटात पहिल्यापासून शेवटपर्यंत भातच असतो: आधी पप्पू म्हणजे वरण, मग सांबार, मग चारू म्हणजे रसम, शेवटी दही. माणशी दीडशे ग्रॅम कोरडा तांदूळ धरावा लागतो, म्हणजे बाराजणांना पावणेदोन किलोच्या वर. दुसरा भात चढवेपर्यंत पंगत पंचवीस मिनिटं रिकाम्या पानावर बसली होती. रेणुकाला हे माहेरून माहीत होतं, पण त्या दिवशी ती मंदिरात होती आणि स्वयंपाक सासूच्या हाती. तेव्हापासून भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे: माणसं गुणिले दीडशे. तांदूळही बदलला. इथला कोलम त्यांना चालतो, पण सोना मसुरी असली तर न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतात.

मे महिन्यात दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. आंध्र-तेलंगणाच्या शाळांना एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, म्हणजे गटांची खरी लाट तेव्हाच. आणि आपल्याकडे तेव्हाच विहिरी तळाला जातात. एका माणसामागे आंघोळ, संडास, भांडी धरून चाळीस लिटर पाणी जातं, बाराजणांना पाचशेच्या जवळपास. पाच हजार लिटरचा टँकर दहा गटांना पुरतो आणि गटामागे खर्च शंभर-सव्वाशे येतो. पैशाच्या हिशेबात ते बसतं. पण टँकर सांगितलेल्या दिवशी येत नाही. १९ मेला गट दारात उभा आणि टाकीत हातभर पाणी. शेजारच्या तीन घरांतून घागरी आणून त्या दिवशीची वेळ निभावली. शेजाऱ्यांचं प्यायचं पाणी पाहुण्यांच्या आंघोळीला गेलं, ही गोष्ट गावात बोलली गेली आणि रेणुकाला ती फार लागली. त्यानंतर तिने नियम केला: मेमध्ये आठवड्याला तीनच गट, आणि टाकी भरलेली दिसल्याशिवाय कुणाला हो म्हणायचं नाही. त्या महिन्यात नऊ गट परत पाठवले.

संडासाचं मात्र आमच्या सगळ्यांचं चुकलं. दोन्ही आपल्या पद्धतीचे, खाली बसायचे बांधले. गटांत निम्मी माणसं साठीच्या पुढची, गुडघे दुखणारी. एका आजोबांना दोघांनी धरून उठवावं लागलं, तेव्हा त्यांचं तोंड बघवत नव्हतं. जूनमध्ये एक फोडून कमोड बसवला, भिंतीला धरायला पाइप लावला. नऊ हजार गेले. बांधताना केलं असतं तर चार हजारांत झालं असतं.

आता कमिशनचं. ऑगस्टमध्ये एका गटातल्या बायकांनी पैठणी बघायची म्हटल्यावर नवऱ्याने त्यांना ओळखीच्या एका दुकानात नेलं आणि नेहमीप्रमाणे टक्का घेतला. रेणुका सोबत होती, तिने तेलुगूत भावही करून दिला. गट परतल्यावर तशीच साडी त्यांना दुसरीकडे दीड हजाराने स्वस्त दिसली. त्यांच्या गटप्रमुखाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "तू आमची मुलगी म्हणून आम्ही भाव केला नाही." त्यांच्याकडून येणारे पुढचे दोन गट आले नाहीत.

त्या रात्री नवरा-बायकोत मोठं भांडण झालं. त्याचं म्हणणं होतं, गाडीचं डिझेल त्या टक्क्यातून निघतं आणि सगळेच ड्रायव्हर घेतात. हे खोटं नव्हतं. मग तिघांनी बसून गाडीचा हिशेब मांडला. वर्षभरात कमिशन साधारण चौदा हजार येत होतं, आणि न आलेल्या दोन गटांची गाडीभाडी, घरचा धंदा धरून नुकसान सोळा हजारांचं. शेवटी गाडीचं भाडं फेरीमागे तीनशेने वाढवलं, कमिशन बंद केलं, आणि गटाला पहिल्याच फोनवर सांगायचं ठरवलं की खरेदीला आम्ही नेणार नाही, रस्ता दाखवू. एका भाषेची माणसं परक्या मुलखात एकमेकांवर पटकन विश्वास टाकतात. तो विश्वास तुटला की त्याच भाषेतून तितक्याच पटकन पसरतं.

न येणाऱ्या गटांचा त्रास सगळ्याच खानावळवाल्यांना असतो. दोनदा बावीस माणसांचा स्वयंपाक करून चौदाच आली, एकदा कुणीच आलं नाही. आता निम्मी रक्कम आधी फोनवरून येते, मगच डाळ भिजते.

तारखांचं गणित

हे थोडं सविस्तर सांगते, कारण दुसऱ्या भाषेच्या गिऱ्हाइकावर धंदा उभा करणाऱ्याला याचा उपयोग होईल. आपण गर्दी मोजतो ती आपल्या पंचांगाने आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्यांनी. गिऱ्हाईक त्याच्या पंचांगाने येतं. तेलुगू लोकांचे महिने आपल्यासारखेच अमावास्येला संपतात, पाडव्याला त्यांची उगादी असते. त्यामुळे श्रावण-कार्तिक जुळतात. कार्तिकातले सोमवार त्यांना फार मोठे, त्या महिन्यात बरेचजण कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून स्वयंपाक वेगळा. संक्रांत त्यांची दिवाळीसारखी, सुट्टी आठवडाभर, तेव्हा गट येतात. हिंदी पट्ट्यातल्या भाविकांचा श्रावण मात्र पंधरा दिवस आधी लागतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो. २०२३ ला तर अधिक श्रावण होता. त्यांचा श्रावण ४ जुलैला सुरू झाला आणि आपला निज श्रावण १७ ऑगस्टला. मधल्या काळात मंदिराच्या रांगा इतक्या लांबल्या की तिची दुपारची जेवणं चार वाजता झाली. हे आधी मांडलं असतं तर त्या दिवसांत जेवणाऐवजी बांधून दिलेला दहीभात ठेवला असता. पुढच्या वर्षी तेच केलं.

मंगळवार हा वेगळा धडा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी. दूरवरून तिकीट काढताना हे कुणी बघत नाही. आता पहिल्या फोनवर रेणुका तारीख विचारते आणि वार स्वतः काढते. मंगळवार निघाला तर लेण्यांच्या जागी खुलताबादचा झोपलेला भद्रा मारुती आणि दौलताबादचा किल्ला.

वर्षअखेरचा हिशेब

एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ मध्ये ७४ गट झाले. सरासरी गट अकरा माणसांचा. गटामागे जमा ३,७५० रुपये. खर्चात किराणा, भाजी, दही मिळून १,०५०, गॅस आणि सरपण १८०, पाणी ९०, आणि मदतीला येणाऱ्या दोन बायकांना प्रत्येकी ३०० प्रमाणे ६००. हाती राहिले १,८३०. त्या हिशेबाने वर्षाचे १ लाख ३५ हजार व्हायला हवे होते. वाया गेलेला स्वयंपाक आणि कमोड धरून प्रत्यक्षात १ लाख १५ हजार उरले. त्यातून कर्जाचे ४६ हजार फिटले. गाडीची भाडी वेगळी, त्यांत वाढ झाली, पण ती या हिशेबात घेतलेली नाही.

हे आकडे सासू आणि रेणुकाच्या मजुरीशिवायचे आहेत. सासू पहाटे साडेचारला उठते, तिच्या कामाची किंमत वहीत कुठेच नव्हती. या वर्षापासून तिच्या नावावर गटामागे दोनशे रुपये टाकायला लावले. सासूबाईंनी आधी नको म्हटलं. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच विचारलं, माझे किती झाले.

आज करायचं झालं तर

पहिला कमोड. दुसरं, पाण्याची दहा हजार लिटरची टाकी आधी आणि दुसरं न्हाणीघर नंतर. कमिशनचा प्रश्न मार्चमध्येच, नवऱ्याला समोर बसवून, आकड्यांसकट सोडवायला हवा होता. तो लांबवण्यात माझाही वाटा आहे, घरातलं भांडण होईल म्हणून मी बोलले नाही. एकाच गृहस्थांच्या ओळखीवर निम्मे गट अवलंबून होते, हेही धोक्याचं होतं. आता तिने नांदेड-निजामाबाद पट्ट्यातल्या आणखी चार यात्रा काढणाऱ्यांशी बोलणं केलं आहे.

कन्नडचा उपयोग करावा का, यावर आमचं अजून एकमत नाही. बिदर-कलबुर्गीकडचे गटही येतात. ती म्हणते घेऊ. मी म्हणते, तुला कन्नड बोलता येतं पण लिहिता येत नाही, नावांच्या पट्ट्या कशा करशील? गेल्या महिन्यात गेले तेव्हा ओसरीवर मुलांच्या पाटीशेजारी कन्नड बाराखडीचं पुस्तक पडलेलं होतं.